दोन मिनिटांच्या कामाचे तीनशे

आमच्या घरात एक जुनी वही आहे. मुलाच्या गणिताच्या वहीची उरलेली पानं. पण गेल्या दोन वर्षांत आमचं घर त्या पानांवर चाललंय, असं म्हटलं तरी चालेल.

माझे मिस्टर इलेक्ट्रिशियन आहेत. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. मी घरी ब्लाउज शिवते आणि यांचे फोन घेते, कारण शिडीवर चढलेला माणूस फोन कसा उचलणार? त्यामुळे कामाला जाण्याआधीचं सगळं बोलणं माझ्याशी होतं आणि काम झाल्यानंतरची सगळी कटकट यांच्याशी.

कटकट म्हणजे पैशांची. यांची पद्धत अशी होती की काम झालं की गिऱ्हाईक विचारणार, "किती द्यायचे?" आणि हे म्हणणार, "द्या काय द्यायचं ते." मग कुणी शंभर द्यायचं, कुणी दीडशे. "फक्त बघायला या," म्हणून बोलावलेलं असेल आणि दुरुस्ती नको असेल, तर चहा. नुसता चहा.

एकदा बाणेरहून फोन आला. हॉलमधला दिवा लागत नव्हता. हे सकाळी गेले. जायला पन्नास मिनिटं, सोसायटीच्या गेटवर नाव, नंबर, फोटो यात आणखी दहा. स्विचच्या मागची वायर सैल झाली होती. बोर्ड उघडून ती कसून बसवायला सात मिनिटं लागली. हातात शंभर रुपये पडले. येऊन-जाऊन ३० किलोमीटर, म्हणजे आमच्या गाडीला सत्तर रुपयांचं पेट्रोल. दोन तास घालवून तीस रुपये! त्या दोन तासांत मी निवांत एक ब्लाउज बेतून शिवायला घेतला असता.

त्या रात्री मी वही काढली. रकाने आखले: घरातून निघाले कधी, पोहोचले कधी, काम सुरू, काम संपलं, पैसे किती. "अगं, हे काय ऑफिस आहे का?" असं हे म्हणाले, पण रोज संध्याकाळी जेवताना सांगत गेले आणि मी लिहीत गेले.

महिन्याअखेरीस एकूण ९६ घरं झाली होती. त्यातली ४१ कामं वीस मिनिटांच्या आतली होती. आणि ११ घरांतून एक रुपयाही आला नव्हता. सरासरी काढली तर एका घरामागे मजुरी २३० रुपये. दिवसाचे दहा तास हे बाहेर असायचे आणि प्रत्यक्ष हातात पक्कड असायची ती जेमतेम चार तास. बाकीचे सहा तास रस्त्यावर, गेटवर आणि हार्डवेअरच्या दुकानात. त्या सहा तासांचं बिल आम्ही आजवर कुणालाच लावलं नव्हतं.

मग मी हिशोब उलटा मांडला. घरखर्चाला २८ हजार लागतात. पेट्रोल, गाडीची सर्व्हिसिंग, फोन, हत्यारं मिळून ७ हजार. एकूण ३५ हजार. पंचवीस दिवस काम धरलं तर दिवसाला १४०० आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये दिवसाला चारच घरं नीट होतात. म्हणजे दर घरामागे ३५० रुपये यायलाच हवेत, मग काम सात मिनिटांचं असो की तासाभराचं. हा आकडा पाहून हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लोक देणार नाहीत."

खरं सांगायचं तर लोकांमध्ये मीही आहे. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या फ्लशच्या टाकीतून पाणी गळत होतं. प्लंबर आला, दहा रुपयांचा वॉशर बदलला आणि अडीचशे मागितले. मी दारात उभी राहून त्याच्याशी हुज्जत घातली होती आणि दीडशेवर आणलं होतं. इलेक्ट्रिशियनची बायको असून! वही लिहिताना तो माणूस मला दोनतीनदा आठवला. बाहेर उन्हात त्याची सायकल लावलेली होती.

तर आम्ही ठरवलं ते असं. सहा किलोमीटरच्या आत ३०० रुपये, बारापर्यंत ४००, त्यापुढे ५००. यात येण्याचे पैसे आणि पहिल्या अर्ध्या तासाची मजुरी दोन्ही आलं. सामान वेगळं. त्याच बिघाडासाठी पंधरा दिवसांत पुन्हा जावं लागलं तर काही नाही. आणि हे सगळं मी फोनवरच सांगायचं, मग व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं. भांडण होतं ते दारात रक्कम कळली की होतं. आधी कळली तर माणूस फार तर नको म्हणतो.

पहिल्या महिन्यात बऱ्याच जणांनी नको म्हटलंही. एक ताई म्हणाल्या, "दोन मिनिटांच्या कामाचे तीनशे?" मी म्हटलं, "ताई, तुमच्याकडे अर्धा तास आहे. आणखी काही बारीकसारीक असेल तर काढून ठेवा, त्यातच होईल." हे सहज तोंडातून निघालं, पण तेच सगळ्यात उपयोगी पडलं. त्यांच्याकडे बेलचं बटण, बाथरूमचा होल्डर आणि कुरकुरणारा रेग्युलेटर निघाला. हे तिन्ही करून आले. आता बरीच गिऱ्हाइकं अशी यादी साठवून मगच फोन करतात.

शिवाय मी फोनवर आधी दोन प्रश्न विचारते. शेजाऱ्यांकडे लाइट आहे का? आणि मेन बोर्डावरचा एखादा खटका खाली पडलाय का? कधीकधी एवढ्यावरच काम होतं. त्याचे पैसे आम्ही घेत नाही, कारण गाडी बाहेरच निघत नाही.

पण येण्याच्या पैशांपेक्षा अवघड निघाला तो बिघाड शोधण्याच्या पैशांचा प्रश्न. त्याची गोष्ट सांगायलाच हवी.

कोथरूडच्या एका घरात संध्याकाळी वारंवार मेन खटका पडायचा. तो आरसीसीबी, ज्याला बरेच लोक अजून ईएलसीबी म्हणतात. घरात फेजमधून जेवढा करंट जातो, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. वाटेत ३० मिलिअँपिअर जरी दुसरीकडे गळला, तरी हा खटका पडतो आणि माणूस वाचतो. आधीच्या कारागिराने 'आरसीसीबीच खराब आहे' म्हणून अडीच हजारांचा नवीन बसवला होता. चार दिवसांनी तोही पडायला लागला. मग घरच्यांनी गीझरवर संशय घेतला, कारण गीझर लावला की हमखास पडायचा.

यांनी गीझर तपासला, तो ठीक होता. मग सगळे एमसीबी बंद करून एकेक चालू केला. नुसते दिवे-पंखे असताना काही नाही, पण मोठं कुठलंही उपकरण लावलं की खटका खाली. गीझर लावा, नाहीतर इस्त्री. इथे यांना कळलं की दोष उपकरणात नाही, न्यूट्रलमध्ये आहे. घरातल्या साध्या एमसीबीने फक्त फेज तुटते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून एमसीबी पाडून हा दोष सापडत नाही. बोर्डातल्या पट्टीवरून प्रत्येक खोलीची न्यूट्रल सोडवायची आणि मेगर लावून बघायचं. मेगर ५०० व्होल्ट देऊन वायरचं आवरण शाबूत आहे का ते सांगतं. त्याआधी घरातलं प्रत्येक उपकरण प्लगमधून काढायचं, नाहीतर तेच जळायचं. हॉलच्या न्यूट्रलवर आकडा जवळपास शून्य आला. मग भिंतीकडे नजर. टीव्हीच्या वर नवीन शेल्फ लावलं होतं. त्याचा एक स्क्रू पाइपातून आत जाऊन न्यूट्रल आणि अर्थ दोन्हींना टेकला होता. घरातला लोड कमी असेल तेव्हा त्या वाटेने थोडाच करंट जायचा. संध्याकाळी सगळं चालू झालं की ३० च्या वर जायचा.

शोधायला एक तास पन्नास मिनिटं लागली. स्क्रू काढून दोन नव्या वायरी ओढायला पंचवीस. घरमालक म्हणाले, "म्हणजे स्क्रूच काढला ना?" आणि दोनशे रुपये दिले. त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. त्यांना फक्त स्क्रू दिसला.

त्यानंतर आम्ही शोधण्याचे वेगळे पैसे ठरवले: ६०० रुपये, दीड तासापर्यंत, येणं त्यातच धरून. दीड तासात सापडलं नाही, तर पुढे जायचं की थांबायचं ते विचारायचं. कुठे काय सापडलं ते लिहून द्यायचं. दुरुस्ती आमच्याकडून करा किंवा दुसऱ्याकडून.

यावर आमच्या घरात वाद झाला. माझा दीर प्लंबिंग करतो. तो म्हणाला, "वहिनी, दुरुस्ती केली तर शोधायचे पैसे सोडून द्यायचे, गिऱ्हाईक खूश होतं." मला ते पटत होतं. पण हे नाही म्हणाले. "दुरुस्तीतूनच पैसे सुटणार असतील, तर मला प्रत्येक घरात काहीतरी दुरुस्त करायला सापडलंच पाहिजे. मग मीही आरसीसीबी बदलत बसेन." दीर जरा ओशाळला. कारण त्यालाही माहीत आहे, येण्याचे पैसे न मागणारे बरेच जण ते नळाच्या किमतीत किंवा दुकानदाराच्या कमिशनमध्ये वसूल करतात. भिंतीत मुरलेली गळती शोधायला तासभर नळ बंद करून मीटर बघत बसलेल्या प्लंबरला त्या तासाचं काहीच मिळत नाही, आणि मग तो टाइल्स फोडायचं काम काढतो.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. जुन्या ओळखीच्या घरी हे अजूनही पैसे मागत नाहीत. सदाशिव पेठेतल्या एका आजींकडून आम्ही शंभरच घेतो, ते मी स्वतःच वहीत लिहून ठेवलंय. पावसाळ्यात तर फोनवर सांगितलेलं अंतर आणि लागलेला वेळ यांचा मेळच बसत नाही. पण मागच्या महिन्यात ७८ घरं झाली, म्हणजे आधीपेक्षा अठरा कमी, आणि एका घरामागे सरासरी ३७० रुपये आले.

परवा त्या कोथरूडच्या घरातून पुन्हा फोन आला. एसीच्या पॉइंटमधून जळका वास येत होता. मी आधी तो एमसीबी पाडायला सांगितला आणि मग रक्कम सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "चालेल वहिनी. आणि दादांना सांगा, शेल्फ दुसऱ्या भिंतीवर लावायचंय. स्क्रू कुठे मारू ते जरा दाखवतील का? अर्ध्या तासात बसेल ना?"