ओढ, पल्ला आणि खटका

क्रॉसबोबद्दल माझी दोन ठाम मतं होती. एक, तो धनुष्यापेक्षा कित्येक पटींनी जोरदार असतो. दुसरं, तो धनुष्यापेक्षा सुरक्षित असतो. कारण ताणलेली दोरी त्यात माणसाच्या दमलेल्या बोटांवर नाही, खटक्यावर अडकलेली असते, आणि वर सेफ्टीही असते. आज या दोन्ही मतांवर मी ठाम नाही. दुसरं तर पुरतं उलटलं आहे. का, ते सांगतो.

पहिल्या मताचा पाया ओढीचा आकडा होता. दोरी पूर्ण मागे नेऊन धरायला लागणारा जोर म्हणजे ओढ. इंग्लंडच्या जुन्या लांब धनुष्यांची ओढ साधारण ६८ किलो धरली, तर ते धनुष्य ओढणारा माणूस पैलवानच म्हणायचा. आणि राल्फ पेन-गॅल्वे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या जुन्या पोलादी क्रॉसबोची चाचणी घेतली, त्याची ओढ होती १२०० पौंड, म्हणजे सुमारे ५४४ किलो. आठपट! हे दोन आकडे शेजारी ठेवले की वादच संपला, असं मला वाटे.

पण ऊर्जा नुसत्या जोरात साठत नाही. किती जोर लावला आणि तो लावत दोरी किती लांब नेली, या दोन्हींवर ती ठरते. दोरी ओढायला सुरुवात करताना जोर जवळजवळ शून्य असतो आणि तो वाढत वाढत शेवटी कमाल ओढीला पोचतो, म्हणून सरासरी जोर साधारण निम्मा धरायचा आणि त्याला दोरीच्या प्रवासाने गुणायचं. या प्रवासाला मी पल्ला म्हणतो. लांब धनुष्यात पल्ला सुमारे ५५ सेंटिमीटर असतो, कारण दोरी हनुवटीच्याही मागे, कानापर्यंत येते. पेन-गॅल्वे यांच्या क्रॉसबोत तो फक्त ७ इंच, म्हणजे १८ सेंटिमीटर होता. पोलादाची आखूड भुजा त्यापुढे वाकवायला गेलं तर मोडते.

आता गुणाकार करू. धनुष्यात साठतात सुमारे १८५ जूल, क्रॉसबोत सुमारे ४७५. (पाण्याची एक लिटरची बाटली दहा सेंटिमीटर उचलायला साधारण एक जूल लागतो.) ओढ आठपट, साठा मात्र अडीचपट.

आणि साठलेलं सगळं बाणाला मिळत नाही. खटका सुटल्यावर आधी भुजांना स्वतःचंच वजन पुढे फेकावं लागतं, आणि पोलादी भुजा जड असते. पेन-गॅल्वे यांनी वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीच्या या तीरावरून त्या तीरावर बाण मारला होता, सुमारे ४२० मीटर. त्या बाणाचं वजन तीन औंस, म्हणजे ८५ ग्रॅमच्या आसपास धरून, हवेच्या विरोधाची थोडी भर घालून मागे हिशेब केला, तर बाण सुटताना वेग सेकंदाला ७० मीटरच्या आसपास असावा. म्हणजे बाणाकडे गेले जेमतेम २०० जूल, साठ्याच्या निम्म्याहून कमी. लाकडी धनुष्य मात्र आपल्या साठ्यातला दोन-तृतीयांश भाग जड बाणाला देऊ शकतं. आठपटीचा फरक बाणापर्यंत पोचेस्तोवर दीड-दोनपटीवर आला होता.

मला सगळ्यात हलवलं ते मात्र चीनच्या उदाहरणाने. हान काळातल्या सरहद्दीवरच्या चौक्यांच्या नोंदींत ‘सहा शी’ ओढीचे क्रॉसबो वारंवार येतात. सहा शी म्हणजे साधारण १८० किलो. युरोपातल्या त्या पोलादी हत्याराच्या एक-तृतीयांश. पण चिनी कारागिरांनी काशाचा खटका दांड्याच्या अगदी मागच्या टोकाला बसवला होता, त्यामुळे पल्ला अर्ध्या मीटरच्या आसपास जात असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गुणाकार केला की सुमारे ४४० जूल. एक-तृतीयांश ओढीत जवळपास तेवढाच साठा! तेव्हापासून कुणी क्रॉसबोच्या नुसत्या ओढीची फुशारकी मारली की मी आधी पल्ला विचारतो.

आजच्या चक्रीच्या क्रॉसबोचंही तेच. ओढ ८० किलो, पल्ला ३३ सेंटिमीटर, २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे १०७ मीटर वेगाने, म्हणजे दीडशे जूलच्या आत-बाहेर. ३२ किलो ओढीचं कंपाउंड धनुष्य सहज १०० जूल देतं.

मग क्रॉसबोचं वेगळेपण कशात? माझ्या मते ते जोरात नाही, थांबण्यात आहे. इथे माझं दुसरं मत बदललं.

धनुष्य ताणलेलं आहे हे विसरता येत नाही. पाठ, खांदे, बोटं सतत सांगत असतात, आणि काही सेकंदांत दोरी सोडावी तरी लागते किंवा हळूच परत न्यावी लागते. क्रॉसबो रिकिबीत पाय घालून, दोरखंडाच्या चक्रीने ताणला, खटक्यात अडकवला, की संपलं. तो टेबलावर निवांत पडून राहतो. पूर्ण साठा आत, आणि धरणाऱ्याला त्याचा भारही जाणवत नाही. सेफ्टी बहुधा फक्त ट्रिगर अडवते, दोरीवरचा ताण तसाच राहतो. म्हणून नियम असा, की ताणायचा तो मारायच्या जागेवर उभं राहून, आणि बाण घालायचा तो समोरचं सगळं मोकळं आहे हे पाहिल्यावरच. ताणलेला क्रॉसबो घेऊन चालायचं नाही, गाडीत ठेवायचा नाही, कुणाच्या हातात द्यायचा नाही.

तो परत सैल करणं ही खरी अडचण. दोरी हाताने धरून ट्रिगर दाबायचा विचारही नको. ८० किलोचा झटका मनगट सांभाळू शकत नाही. त्यासाठी बोथट टोकाचा जाड, जड बाण मिळतो. तो घालायचा, जवळच्या मऊ जमिनीत किंवा फोमच्या लक्ष्यात मारायचा.

बाणाशिवाय खटका कधीच सोडायचा नाही. बाण असतो तेव्हा साठ्याचा मोठा भाग तो घेऊन जातो. नसला तर सगळा हिसका भुजांना, दोरीला आणि चक्रीला बसतो. बाणाची शेपटी दोरीला नीट टेकली नसेल, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असेल, तरी परिणाम तोच. म्हणून बाण आत सरकवल्यावर शेवटचा ‘टक’ हाताला लागेपर्यंत मी तो दाबतो. कधी चुकून रिकामा सुटलाच, तर कापसाचा बोळा भुजांवरून हळूच फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी चीर असली की कापसाचे तंतू तिथे अडकतात. अडकले, तर ती भुजा पुन्हा ताणायची नाही. दोरीचा मधला गुंडाळलेला भाग उसवला किंवा त्यातून धागे डोकावू लागले, तरी तेच.

आणि अंगठा. दोरी रेलवरून तो ३३ सेंटिमीटरचा प्रवास सहा-सात सहस्रांश सेकंदात करते. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणजे हात काढून घेण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढचा हात कायम रेलच्या खाली, अंगठासुद्धा. रायफल धरायची सवय असलेल्यांचा अंगठा नकळत वर येतो. तो मी प्रत्येक वेळी बोट दाखवून खाली घ्यायला लावतो, कितीही अनुभवी माणूस असो. तसंच भुजांच्या टोकांचं. सुटताना ती पुढे आणि बाहेर फेकली जातात, म्हणून दोन्ही बाजूंना खिडकीची चौकट, झाडाची फांदी किंवा टेबलाची कड नाही ना, हे नेम धरण्याआधी पाहायचं. नेम धरल्यावर नजर फक्त समोर असते.