बाराशे मीटर ग्रे आणि चार शब्द

इथे सुरतच्या आठवणी येतात त्या बहुतेक लूमच्या नि मिलच्या. माझीही मिलचीच आहे, फक्त कॉम्प्युटरवरची. वडील अमळनेरहून उधन्याला लूमवर आले, मी कापड व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत लागलो.

दोन वर्षांपूर्वी भाची आमच्याच टीममध्ये टेस्टिंगला आली. जिरावर चार नावं बघून म्हणाली, "मामा, सगळं कामच ना? मग एपिक, स्टोरी, टास्क, बग कशाला?"

म्हटलं, आपला व्यापारी ग्रे कापड रंगाईला मिलमध्ये पाठवतो. त्याचा सगळा हिशोब सॉफ्टवेअरमध्ये आणायचा, हे एपिक. महिनोन् महिने चालणारं, एका दमात न होणारं. त्यातला एक तुकडा, "कोणत्या मिलकडे माझा किती ग्रे बाकी आहे ते मला दिसावं," ही स्टोरी. ती वापरणाऱ्याच्या तोंडची असते, आणि पुरी कधी झाली म्हणायचं त्याच्या अटी खाली लिहितात. आमची अट होती: बाकी ग्रे मीटरवर मोजायची. जुन्या वहीतली चलनं सिस्टीममध्ये भरणे, हा टास्क. काम खरं, पण व्यापाऱ्याला त्यातून नवीन काही करता येत नाही. जिरात टास्क स्टोरीच्याच पायरीवर असतो. स्टोरीच्या पोटात घालायचा तर सब-टास्क.

आता बग. 1,200 मीटर ग्रे मिलला गेला. त्यातला 500 मीटर रंगून आला, तो घट जाऊन 470 भरला. बाकी 700 दिसायला हवी, स्क्रीनवर आली 730. प्रोग्रॅम तयार मालाचे मीटर वजा करत होता. लिहिलेली अट मोडली, म्हणून बग. भाचीने नोंदवला, बरोबर केलं.

त्याच दिवशी व्यापारी म्हणाला, "घट किती टक्के तेपण दाखवा ने." पाचशेला तीस, म्हणजे सहा टक्के. तिने तोही बगच टाकला. मी थांबवलं. "अगं, हे आपण कबूल कुठे केलं होतं? ही नवी स्टोरी."

तिला वाटलं, नावात काय एवढं. पण आमच्याकडे बग फुकट दुरुस्त होतो, नव्या स्टोरीचे पैसे ठरतात. शिवाय ज्या पोराने ती स्क्रीन बनवली, त्याच्या नावावर न केलेली चूक चढली असती.

तेव्हापासून ती बग टाकण्याआधी स्टोरीखालची अट वाचते. अट मोडली तर बग, अटच नसेल तर आधी विचारायचं. ग्रे मीटरची ती एक ओळ आम्ही लिहिली नसती, तर 730 चूक की बरोबर यावरच व्यापाऱ्याशी वाद घालत बसलो असतो.