पटकथा शेवटी लिहायची

आमच्या बाईंची जन्मतारीख कागदोपत्री १ जून. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच आहे, कारण नाव घालताना शाळेतच वय बसेल अशी तारीख लावली जायची. नियम असा की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला शिक्षक अठ्ठावन्न भरताना आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे ३१ मे. त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते आणि निरोप द्यायला वर्गात एकही मूल नसतं. म्हणून जासईत बाईंचा समारंभ एप्रिलमध्येच ठरला, आणि माजी विद्यार्थ्यांचे छोटे छोटे संदेश जोडून सहा मिनिटांची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलं.

बाई गणित शिकवायच्या. त्यांची नोकरी रयतमधली, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. आधीची बरीच वर्षं सातारा भागात, मग इकडे. विद्यार्थीही तसेच पसरलेले. संदेश मागवणारा मजकूर व्हॉट्सअॅपच्या गटांवर गेला आणि दोनच दिवसांत फोन भरून गेला. त्यातला एक इथे देते, कारण बाकीचे बहुतेक असेच होते: ‘आदरणीय बाई, सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा. आपण शिस्तप्रिय पण मनाने प्रेमळ होतात. आपण केलेल्या संस्कारांमुळेच आज आम्ही यशस्वी झालो. आपले पुढील आयुष्य सुखाचे व आरोग्यदायी जावो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.’

हे लिहिणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. पण असे पंधरा संदेश एकामागून एक लावले की पडद्यावर बाई दिसतच नाहीत. कोणत्याही शाळेच्या कोणत्याही शिक्षकाला चालेल अशी फिल्म तयार होते. दोष लिहिणाऱ्यांचा नव्हताच, मागणीचा होता. ‘शुभेच्छा पाठवा’ म्हटलं की माणसं शुभेच्छाच पाठवतात. मग मी एकेकाला फोन केला आणि एवढंच विचारलं, बाईंनी काय केलं ते सांग.

तो वरचा संदेश लिहिणारा जेएनपीटीच्या रस्त्यावर ट्रेलर चालवतो. मी विचारलं, ‘शिस्तप्रिय म्हणजे काय करायच्या रे?’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘शेकडेवारी आठवते का तुला?’

आणि मला आठवली. जासई हे दि. बा. पाटलांचं गाव. जानेवारी १९८४ मध्ये संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, गोळीबारात पाचजण गेले, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. आमच्या लहानपणी घराघरात तो आकडा बोलला जायचा, पण त्याचा हिशेब फार थोड्यांना यायचा. बाई तर घाटावरून आलेल्या. तरी पुस्तकातली आंब्यांची उदाहरणं बाजूला ठेवून त्यांनी फळ्यावर लिहिलं: गेलेली जमीन ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापतात, ते दीड गुंठा. हातात साडेतीन. वर म्हणाल्या, कापायचे पावणेचार टक्के मूळ ४० वर धरायचे, ५ वर धरू नका, इथेच सगळे चुकतात.

ट्रेलरवाल्याची गोष्ट याच्या पुढची होती. ती त्याने फोनवर जशी सांगितली तशीच कॅमेऱ्यासमोर सांग म्हटलं. ‘काय बोलायचं ते लिहून दे ना,’ तो म्हणाला. मी दिलं नाही. लिहून दिलं की माणूस वाचतो, आणि वाचायला लागला की आपली बोली सोडून भाषणाची भाषा धरतो. आमच्याकडचा माणूस सहज बोलताना ‘मना’ म्हणतो, शाळेला ‘शाला’ म्हणतो आणि फळ्याला ‘फला’. बाईंनी इतकी वर्षं तीच बोली ऐकली. ती पुसून आलेला आवाज त्यांना ओळखू येणार नाही.

त्याने उभ्या ट्रेलरच्या केबिनमध्ये, इंजिन बंद करून आणि काचा वर घेऊन रेकॉर्ड केलं. घरात पंखा, टीव्ही आणि कुकर एकाच वेळी बोलतात. बंद केबिनमध्ये मात्र आवाज घुमत नाही आणि शब्द स्वच्छ येतात. ज्यांनी घाटावर रानात उभं राहून रेकॉर्ड केलं, त्यांच्या माइकवर वारा असा आदळला की दोघांकडून पुन्हा मागवावं लागलं. फोन आडवा धरायचा आणि व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, एवढं आधीच सांगितलं होतं. नेहमीसारखा पाठवला तर तो आकसतो आणि मोठ्या पडद्यावर चेहरा धुरकट दिसतो.

तो अडीच मिनिटं बोलला होता. पटकथा खरी इथे सुरू झाली. सगळ्यांचं बोलणं आधी जसंच्या तसं कागदावर उतरवलं, मग कागदाच्या डाव्या बाजूला दिसणारं आणि उजवीकडे ऐकू येणारं मांडलं, आणि पेन्सिलीने कापत गेले. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याच्या वीस सेकंदांत पस्तीस ते चाळीस मावतात. त्याचे उरले ते असे, बोली थोडी सोपी करून देते: ‘बाई, तुम्ही चाळीस गुंठ्यांचा हिशेब शिकवलात. पुढं आमच्या घरी कागद आला. आजोबा बोलले, वाच. मी फळ्यावरचं आठवलं, मांडलं, साडेतीन आले. कागदावर पण साडेतीनच. त्या दिवशी आजोबांनी मना पहिल्यांदा खुर्चीवर बसवला.’

कापताना एक बंधन पाळलं. शब्द काढायचे, घालायचा एकही नाही. दोन वाक्यं जोडली की बोलणाऱ्याला ऐकवायची आणि त्याचा होकार घ्यायचा. एका मुलीने वारलेल्या मैत्रिणीची आठवण सांगितली होती. बाईंना ती गेल्याचं ठाऊक नव्हतं. भरल्या सभागृहात ते कळू नये म्हणून तो संदेश फिल्ममध्ये घेतला नाही, तिने स्वतः बाईंच्या घरी जाऊन सांगितलं.

क्रमावरून वाद झाला. समारंभाच्या समितीतल्या काहींना अधिकारी आणि डॉक्टर आधी हवे होते. मी अडून बसले. त्या क्रमात फिल्म विद्यार्थ्यांच्या हुद्द्यांची होते. शेवटी बाईंच्या दिवसाचा क्रम धरला. आधी प्रार्थनेआधी दारात उभ्या असलेल्या बाई सांगणारे, मग फळा, मग मधल्या सुट्टीत डबा नसलेल्या मुलाला पेपर तपासायला म्हणून बोलावून खाऊ घालणाऱ्या बाई, आणि शेवटी दहावीच्या जादा तासानंतर मुलींना एसटीत बसवून मगच निघणाऱ्या बाई. त्यात साताऱ्याकडचा दुकानदार आणि जासईची नर्स शेजारी आले, कारण दोघांनाही बाईंनी डबा दिला होता. ते दोघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. नावाखाली हुद्दा लिहिला नाही, फक्त शाखा आणि दहावीचं वर्ष.

समारंभात बाई सगळं शांतपणे बघत होत्या. ट्रेलरवाल्याचं झालं तेव्हा शेजारच्या मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाल्या, ‘याला मी तेव्हा पस्तीस गुण दिले होते. हे मला ठाऊकच नव्हतं.’

येत्या ३१ मेला तुमच्याही शाळेतून कोणी बाई किंवा सर निवृत्त होत असतील. मार्च उजाडण्याआधी फोन करायला लागा, शुभेच्छा मागू नका, आणि ‘प्रेमळ’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारा, म्हणजे त्यांनी काय केलं?