रिपोर्ट नॉर्मल आहे!

गेल्या संक्रांतीची गोष्ट. दारापुढली रांगोळी संपवून आमची ही उकिडव्याची उठली, आणि गुडघ्यामागे ‘टक्’ असा आवाज झाला. तो तिने ऐकला. मी वर्तमानपत्रात होतो. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी टेबलावर निजवून एक्स-रे काढला. रिपोर्टात एकच ओळ : हाडांत दोष दिसत नाही. मी ती मोठ्याने वाचली आणि वर म्हणालो, “बघ, काही झालेलं नाही. मनाचे खेळ सारे!”

ती काही बोलली नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली.

महिन्याने हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी ऐटीत रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवून हिलाच विचारले, “दुखणं सुरू झालं तेव्हा काय करत होता?” ‘टक्’ ऐकताच त्यांनी मान वर केली. गुडघ्याच्या आतल्या बाजूने, दोन हाडांमधल्या फटीवर, अंगठा दाबत मागे नेला. मागच्या कोपऱ्यापाशी ती कळवळली.

मग त्यांनी फोटो उजेडात धरला. “ही काळी फट रिकामी नाही. हाडांवरची कूर्चा आणि मधली गादी, म्हणजे मेनिस्कस, इथंच आहे. पण साध्या एक्स-रेत ती दिसत नाही. गादी शाबूत असो की फाटलेली, फट तशीच काळी! उभं राहून फोटो काढला तर अंगाच्या भाराने फट अरुंद झालेली कधी कळते. पण ताज्या इजेत तीही नेहमीसारखीच दिसू शकते. रिपोर्ट खोटा नाही हो. त्यात नाही ते तुम्ही वाचलंत.”

एमआरआयमध्ये उलगडा झाला. ही गादी चंद्रकोरीसारखी असते आणि तिची दोन्ही टोके हाडाला घट्ट बांधलेली असतात. हिच्या गादीचे मागचे टोक मुळापासून सुटले होते. तसे झाले की भार पडताच गादी बाहेर सरकते आणि सारे ओझे कूर्चेवर येते. कूर्चा झिजली की मग एक्स-रेतही फट अरुंद दिसते. पण तोवर उशीर झालेला असतो.

“पण एमआरआयलाही देव मानू नका,” डॉक्टर म्हणाले. “पन्नाशीपुढे न दुखणाऱ्या गुडघ्यांतही गादीला चिरा दिसतात. चित्र आणि तक्रार जुळली पाहिजे.” इथे ती जुळली होती आणि कूर्चा अजून चांगली होती, म्हणून दुर्बिणीने सुटलेले टोक पुन्हा हाडाशी बांधले. पुढचे सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. स्वयंपाकघर माझ्याकडे आले.

यंदा दिवाळीची रांगोळी ती स्टुलावर बसून, पाटावर काढते आहे. उठताना मी वर्तमानपत्र खाली ठेवतो.

“दुखतंय का ग?”

“थोडंसं,” ती म्हणते. आता मी पुरावा मागत नाही.