रिकामी फेरी

हिशेबात मी पक्का आहे, असा माझा फार वर्षांचा समज होता. पैशापैशाची नोंद ठेवणाऱ्या वडिलांचा मी मुलगा. म्हणून बारावीतल्या चिरंजीवांनी सुट्टीत मला संगणकावरच्या 'युरो ट्रक सिम्युलेटर २' या खेळापुढे बसवले, तेव्हा मी मनात म्हटले, मराठीचा मास्तर झाला म्हणून मालवाहतुकीत दिवाळे काढण्याइतका काही तो बावळट नसतो!

हा खेळ प्रागच्या एका कंपनीने २०१२ साली काढलेला. युरोपातल्या रस्त्यांवरून ट्रक हाकायचा, माल पोचवायचा आणि भाडे घ्यायचे. सुरुवातीला दुसऱ्याचा ट्रक चालवता येतो. डिझेल मालकाचे, मजुरी आपली. पण मला मालक व्हायची घाई! बँकेकडून एक लाख युरो काढले, ट्रक घेतला आणि रोजचा हप्ता मागे लावून घेतला.

पहिलेच मोठे भाडे फ्रँकफर्टहून प्रागचे मिळाले. अंतर सुमारे ५१० किलोमीटर, पैसे ११,००० युरो. माल लादला आणि कळले, की लक्झेंबर्गमध्ये डिझेल लिटरमागे पंधरा सेंटनी स्वस्त आहे. मग काय! पूर्वेकडे जाणारा ट्रक मी पश्चिमेला वळवला. तिथे ६०० लिटर भरले आणि ९० युरो वाचवल्याच्या आनंदात परत फिरलो. पण जाऊन-येऊन ४८० किलोमीटर झाले होते, आणि शंभर किलोमीटरला ट्रक तेहतीस लिटर पितो. म्हणजे ९० युरोंसाठी मी २३० युरोंहून अधिक डिझेल जाळले होते. शिवाय खेळातले सहा तास गेले. या खेळात अकरा तासांच्या सुमारास चालकाला झोप येते आणि नऊ तास निजावेच लागते. मीही निजलो, माल उशिरा पोचला आणि भाडे कापले गेले.

"बाबा, त्या खेपेला डिझेल लागतं अडीचशे युरोचं आणि भाडं आहे अकरा हजारांचं," मुलगा म्हणाला. "वाटेतल्या पंपावर भरा. पुढच्या देशात महाग असेल, तर सीमेच्या अलीकडे भरा. पण पंपासाठी वाट वाकडी करू नका. टाकी पाव उरली, की मात्र भाव पाहू नका. रस्त्यात बंद पडलात तर मदतीच्या गाडीचे पैसे निराळे."

दुसरा मोह इंजिनाचा. पहिली मिळकत हाती येताच मी अधिक अश्वशक्तीचे इंजिन बसवले, वर नवा रंग आणि दिवे. पण ट्रकला ताशी नव्वदचा लगाम असतो, आणि जर्मनीत मर्यादा ऐंशीची. हलका माल घेऊन सपाट रस्त्यावर नवे इंजिन जुन्याइतकेच धावले. वीस-पंचवीस टन घेऊन चढ चढायचा असेल, तेव्हाच त्याचे मोल. रंग आणि दिवे तर दमडीही मिळवून देत नाहीत. तेच पैसे साठवून दुसरा ट्रक घेतला असता आणि त्यावर चालक ठेवला असता, तर मी निजलेला असतानाही तो मिळवत राहिला असता.

पण खरा धडा तिसरा. पुन्हा फ्रँकफर्टला असताना यादीत दोन भाडी दिसली. एक तिथूनच प्रागला, ११,००० चे. दुसरे हॅम्बुर्गहून प्रागला, ६४० किलोमीटर, १५,००० चे. अर्थात मी दुसरे उचलले! किलोमीटरला तेवीस युरो, पहिल्याला साडेएकवीसच.

"आणि हॅम्बुर्गपर्यंत?" मुलाने विचारले.

तिथवर ४९० किलोमीटर गाडी रिकामी न्यायची होती. ते अंतर धरले, तर ११३० किलोमीटरला १५,०००. म्हणजे किलोमीटरला सव्वातेरा. "भाडं किती हे पाहायचं नाही, बाबा. रिकामी फेरी धरून किती, ते पाहायचं. आणि माल उतरवाल तिथूनच पुढचं भाडं मिळतंय का, ते आधी बघायचं."

त्या रात्री मला झोप आली नाही. गेली सहा वर्षे दर शनिवारी मी दूरच्या एका गावी व्याख्यानाला जातो. मानधन बरे असते. पहाटेची एस.टी., रात्रीची परतीची गाडी. वहीत मी मानधन तेवढे लिहीत आलो. त्या सहा वर्षांत मुलगा सहावीतून बारावीत गेला. त्याचे शनिवार मी कुठल्या रकान्यात मांडले होते?

येत्या जूनला तो वसतिगृहात जाईल. दुसऱ्या दिवशी मी त्या गावी पत्र टाकले, की यापुढे जमणार नाही. सौ.ने कारण विचारले. मी म्हटले, "परतीचं भाडं मिळत नाही."

तिला काही कळले नाही. चिरंजीव मात्र पडद्यावरची नजर न काढता हसले, आणि शेजारची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी पुढे ओढली.