पाऊण लिटर म्हणजे किती?

750 मिलिलिटर जास्त की 1 लिटर? माझी चौथीतली भाची याचं उत्तर बेधडक ‘750’ असं द्यायची. तिचं कारणही पक्कं होतं. 750 हा मोठा आकडा आणि 1 हा लहान. एका लिटरात 1000 मिलिलिटर असतात हे तिला पाठ होतं, पण ते पाठांतर वेगळ्या कप्प्यात आणि हे गणित वेगळ्या कप्प्यात. घटक चाचणीत असे चार गुण गेल्यावर तिने ‘मला मॅथ्स येतच नाही’ असं जाहीर करून टाकलं, तेव्हा मला जरा काळजी वाटली. या गोंधळावर वहीत उपाय सापडत नाही, तो बादलीत सापडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही बडोद्याच्या घरी गॅलरीत जो खेळ मांडला, तो इथे सविस्तर सांगते.

सामान घरातलंच. पाण्याची अर्धी बादली, सांडलेलं पाणी धरायला परात, एक नरसाळं, शीतपेयाची 1 लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली, आंघोळीचा मग, स्टीलचा एक बसका डबा, दोन वेगवेगळ्या वाट्या आणि सिरपच्या बाटलीवरचं 5 मिलीचं टोपण. पाण्यात चिमूटभर हळद टाकली की पातळी नीट दिसते. काचेचं काही घेऊ नका. आणि लहान मूल असेल तर बादलीपाशी मोठं माणूस हवंच.

पहिल्या फेरीत आकडे अजिबात नाहीत. भांडी रांगेत ठेवायची आणि मुलांनी जास्त मावणाऱ्यापासून कमी मावणाऱ्यापर्यंत क्रम लावायचा. आमच्याकडे उंच म्हणून बाटली पहिली आली आणि डबा मागे गेला. मग बाटली काठोकाठ भरून डब्यात ओतली. डबा बोटभर रिकामाच राहिला! शेजारचा पहिलीतला मुलगा तरी म्हणाला, ‘मावशी, बाटलीत पाणी जास्त होतं, डब्यात गेल्यावर कमी झालं.’ हे त्याच्या वयाला धरूनच आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अशाच ओताओतीतून दाखवलं होतं, की साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं पाण्याच्या उंचीवरून पाणी किती ते ठरवतात. त्याला समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. डब्यातलं पाणी त्यालाच नरसाळ्याने परत बाटलीत ओतायला लावलं. बाटली पुन्हा काठापर्यंत भरली आणि तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

दुसरी फेरी वाट्यांची. दोन मुलांना दोन वाट्या दिल्या आणि बाटली भरायला किती वाट्या लागतात ते मोजायला सांगितलं. भाचीच्या आठ झाल्या, शेजारच्या मुलाच्या साडेसहा. लगेच भांडण! ‘तू अर्धवट भरतेस’, ‘तुझी वाटीच मोठी आहे.’ हे भांडण होऊ द्यावं. बाटली एक आणि उत्तरं दोन, म्हणजे सगळ्यांचं माप एकच असायला हवं, हे मुलंच बोलून दाखवतात. मिलिलिटरची गरज इथे पहिल्यांदा लागते, आणि म्हणून तो शब्द मी इथेच काढला.

तिसरी फेरी या खेळाचा गाभा आहे. आपली मापाची बाटली आपणच बनवायची. त्यासाठी आधी 100 मिलीचं खात्रीचं माप हवं. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे कामाला येतो, कारण 1 मिली पाण्याचं वजन जवळजवळ 1 ग्रॅम असतं. काट्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला, 100 ग्रॅम होईपर्यंत पाणी ओतलं आणि पातळीवर मार्करने रेघ मारली. आता बाटलीवर उभी कागदी चिकटपट्टी लावायची, या पेल्याने पाणी ओतत जायचं आणि प्रत्येक वेळी पट्टीवर खूण करायची. बाटली टेबलावर सपाट हवी आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. वरून वाकून पाहिलं की खूण चुकते.

भाची पट्टी घेऊन दहा सारखे भाग पाडायला निघाली होती. मी म्हटलं, आधी ओतून बघ. पहिली खूण बरीच वर आली, कारण बाटलीच्या तळाला पायांसारखे फुगवटे असतात आणि मधल्या खाचांमध्ये पाणी मावत नाही. मधल्या खुणा साधारण सारख्या आल्या. खांद्यापाशी बाटली निमुळती होते, तिथे खुणा पुन्हा लांब गेल्या. ‘आत्या, पाणी तेवढंच, मग रेघ लांब का?’ या प्रश्नाचं उत्तर तिने बाटलीवरून बोट फिरवून स्वतःच शोधलं. दहावा पेला ओतल्यावरही बाटली भरली नाही, कारण 1 लिटरच्या बाटलीत गळ्याशी थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. लिटर म्हणजे दहावी खूण, काठ नव्हे.

खुणांपुढे आम्ही आकडे लिहिले आणि आईने, म्हणजे भाचीच्या आजीने, त्यांच्याशेजारी आपले शब्द लिहवून घेतले. 250 म्हणजे पाव, 500 म्हणजे अर्धा, 750 म्हणजे पाऊण. 250 आणि 750 ची खूण दोन रेघांच्या मधोमध अंदाजाने केली. इथली आमची मुलं ‘सेवन फिफ्टी एमएल’ म्हणतात, ‘पाऊण’ हा शब्द त्यांच्या कानावरून नुसताच जातो. आजीने सांगितलं, ‘पाऊण म्हणजे एकाला पाव कमी.’ भाचीने पाऊणच्या खुणेवर बोट ठेवलं आणि मग लिटरच्या. पाऊण खाली, एक वर. ‘म्हणजे 750 लहान?’ असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता 1200 मिलीची खूण बाटलीत कुठे येईल ते शोधू लागली. ती बाटलीबाहेरच जाणार होती.

शेवटची फेरी टोपणाची. 5 मिलीच्या टोपणाने लिटर भरायला किती टोपणं लागतील? अंदाज आले 30, 50, फार तर 80. ओतायला सुरुवात केली तर वीस टोपणं झाली तरी पाणी पहिल्या खुणेपर्यंतच, तेही किंचित खाली. ‘मग दहा खुणांना दोनशे!’ एवढं कळल्यावर पुढची एकशेऐंशी टोपणं ओतायला कुणी तयार नव्हतं. तो कंटाळा उपयोगाचा आहे. मिलिलिटर किती लहान असतो हे हाताला कळतं. खूण खाली का राहिली, हेही विचारावं. दर टोपणाला थेंबभर पाणी टोपणालाच चिकटून राहतं आणि वीस वेळा तसं झालं की फरक दिसतो. म्हणून मोठ्या भांड्याला मोठं माप आणि औषधाला लहान. खेळातलं टोपण मात्र औषधासाठी पुन्हा वापरू नका.

दोन गोष्टी जपाव्यात. एका दिवशी दोनच फेऱ्या घ्याव्यात, नाहीतर ओताओतीचं रूपांतर होळीत होतं. आणि या बाटलीत गरम पाणी कधी ओतू नये, प्लास्टिक आक्रसतं आणि सगळ्या खुणा खोट्या पडतात. उरलेलं हळदीचं पाणी तुळशीला चालतं, पण तेही मोजून घालायचं असं सध्या आमच्या घरी ठरलं आहे. रोज सकाळी पाव लिटर.