घशात उरलेला परमा

इंग्लंड, 2018 ची सुरुवात. आग्नेय आशियातून परतलेल्या एका पुरुषाला परमा झाला. एक ग्रॅम सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन आणि सोबत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या असे उपचार झाले. नंतरच्या तपासणीत मूत्रमार्ग स्वच्छ निघाला, पण घशाच्या स्वॅबमधून जंतू वाढले. मग स्पेक्टिनोमायसिन दिले, तरी घशातले जंतू गेले नाहीत. शेवटी एर्टापेनेम तीन दिवस शिरेतून दिल्यावर ते गेले. हा जंतू सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनलाही दाद देत नव्हता.

मला यातली घशाची तपासणी सर्वांत मोलाची वाटते. ती झाली नसती, तर लघवीची आग थांबलेला तो माणूस बरा म्हणून घरी गेला असता.

घसाच का? तिथे औषध पुरेशा प्रमाणात पोचत नाही. शिवाय तिथे परम्याच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद राहतात. त्यांच्याकडून तो प्रतिकाराच्या जनुकांचे तुकडे उचलतो. आणि घशातल्या संसर्गाला बहुधा लक्षणेच नसतात, म्हणून विचारल्याशिवाय आणि स्वॅब घेतल्याशिवाय तो कळत नाही.

पीसीआरसारखी तपासणी जंतू आहे एवढे सांगते, कोणते औषध चालेल हे सहसा सांगत नाही. ते कळायला जिवंत जंतू वाढवावा लागतो, म्हणजेच कल्चर. हा जंतू फार नाजूक. स्वॅब सुकला किंवा फ्रिजमध्ये ठेवला, तर तो मरू शकतो. स्वॅब लगेच थायर-मार्टिनसारख्या माध्यमावर लावून कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या हवेत, 35-36 अंशांवर ठेवावा लागतो. छोट्या प्रयोगशाळेत मेणबत्तीची बरणीही चालते. स्वॅब अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचा. हा क्रम चुकला, तर नमुना हातचा गेला.

गोळी सोपी, इंजेक्शन दुखते. तरीही सेफिक्झिम मागे पडले, कारण तोंडावाटे घेतलेल्या गोळीने रक्तातली पातळी तेवढी चढत नाही आणि टिकतही नाही. घशात तर ती आणखी तोकडी पडते. इंजेक्शन सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे: अमेरिकेत 500 मिलिग्रॅम, ब्रिटनमध्ये 1 ग्रॅम, दोन्हीकडे एकच डोस, स्नायूत. दुखणे कमी व्हावे म्हणून पावडर लिडोकेनमध्ये कालवतात. तसे कालवलेले औषध शिरेत कधीही द्यायचे नाही. आपल्याकडे सरकारी केंद्रांत लक्षणांवरून दिल्या जाणाऱ्या ग्रे किटमध्ये बराच काळ सेफिक्झिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्याच होत्या. कल्चरविना दिलेली गोळी फसली, तर ते कोणाच्या लक्षात येणार?

उपचारानंतरची तपासणी फार लवकर केली, तर मेलेल्या जंतूंचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो. म्हणून पीसीआर साधारण दोन आठवड्यांनी. लक्षणे उरलीच असतील, तर तीन दिवसांनंतर कल्चर.

पॉझिटिव्ह आले, की आधी विचारायचे: मधल्या काळात संबंध आला का, जोडीदाराचे उपचार झाले का? पुन्हा लागण होणे हेच जास्त वेळा घडते. ती शक्यता नसेल, तर घशासह सगळ्या जागांचे कल्चर घ्यायचे आणि मगच पुढचे औषध.